मान खाली घालून प्यायचं पाणी

शहात्तर वर्षांच्या माणसाला पाणी कसं प्यायचं ते कोणी शिकवायला लागलं तर त्याला राग येणारच. मला आला. अजून पुरता गेलेला नाही.

माझी पाणी प्यायची एक रीत होती. पितळेचा तांब्या घ्यायचा, उभं राहायचं, मान मागे टाकायची आणि वीतभर वरून धार सोडायची, थेट गळ्यात. तांब्याला ओठ लागायचा नाही, अंगावर थेंब सांडायचा नाही. धानाच्या रोवणीच्या दिवसांत धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभा राहून मी असा अख्खा तांब्या रिकामा करायचो, तेव्हा चिखलात वाकलेल्या बाया कमरेवर हात ठेवून बघत राहायच्या.

ही रीत बापानं घालून दिली. मी सहा-सात वर्षांचा होतो. बाप गावच्या जमीनदाराच्या, म्हणजे मालगुजाराच्या धानाच्या बांधीत राबायचा. तहान लागली की त्यांच्या विहिरीजवळ जायचा, पण विहिरीला हात लावायची आम्हाला सोय नव्हती. मालगुजाराचा गडी वरून पाणी ओतायचा आणि बाप कमरेत वाकून, मान खाली घालून, ओंजळ तोंडाला लावून प्यायचा. पाणी कोपरावरून गळायचं. गडी मधेच धार थांबवून कोणाशी तरी बोलत बसायचा. बाप तसाच वाकलेला, पुढच्या धारेची वाट बघत. मी शेजारी उभा. मला तेव्हा फक्त बापाचं टक्कल दिसायचं.

पुढं छप्पन साली बाप नागपूरला गेला आणि बौद्ध होऊन आला. येताना हा तांब्या घेऊन आला. भरून माझ्या हातात दिला.

"आता पानी पियाचं त मान वर करून पियाचं. कोनासमोर मान खाली घालून पियाचं नाही. समजलं?"

समजलं. त्यानंतर जवळपास सत्तर वर्षं मी दुसऱ्या तऱ्हेनं पाणी प्यालो नाही. चौथीपर्यंत शाळा शिकलो, त्यातलं बरंचसं विसरलो, पण हे विसरलो नाही.

तीन वर्षांआधी एका सकाळी तोंडाचा डावा कोपरा लोंबला. चहा ओठातून गळाला. भंडाऱ्याला नेलं, डॉक्टर म्हणाले हलका लकवा आहे. आठ-दहा दिवसांत तोंड सरळ झालं, हात-पाय तर आधीपासून ठीकच होते. मी म्हटलं, झालं, संपलं. गोळ्या घेत होतो, पण मनानं मी ते प्रकरण बंद करून टाकलं होतं.

मग ठसका सुरू झाला. गंमत अशी की भात, पोळी, भाजी काही अडत नव्हतं. फक्त पाणी. तांब्या वर केला, धार सोडली की ठसका. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. बायको पाठीवर थापट्या मारायची आणि म्हणायची, "कोन आठवन काढून राहिला बाप्पा एवढी?" मी चिडायचो. मला दिवसातून पाच वेळा आठवणारं जगात कोणी उरलं नव्हतं.

सून अंगणवाडीत आहे. मुलगा साकोलीला नोकरीवर, आठवड्यातून एकदा येतो, म्हणून घर तिच्याच ताब्यात. तिचं लक्ष फार. ती म्हणाली, "मामाजी, बसून पित जा न. गिलासानं प्या."

"काहून? माहे पाय तुटले का?"

"पाय नाही तुटले, पन ठसका लागून राहिला न."

"लागते त लागू दे. तुले लागते का?"

मग ती गिलास ठेवायला लागली, माझ्या खाटेजवळ, रोज. मी रोज त्या गिलासातलं पाणी अंगणातल्या पपईला टाकायचो आणि तांब्यानं प्यायचो.

चार-सहा महिन्यांनी ठसका बंद झाला. आपोआप. मी तर छाती काढून फिरलो. सुनेला ऐकवलं, "पाहिलं? काही केलं का म्या? शरीरानं आपलं आपन ठीक करून घेतलं." बायको हसली. सून हसली नाही. ती म्हणाली, "मामाजी, तुमचा आवाज पानी प्याल्यावर घरघर करते. जसा गळ्यात पानी हाय न कोनी बोलून राहिला."

"म्हातारपनात आवाज असाच होते," मी म्हटलं.

मग ताप यायला लागला. दिवस कलला की अंग गरम. धोतर सैल व्हायला लागलं. एकदा भंडाऱ्याला भरती झालो, न्यूमोनिया निघाला, बरा होऊन आलो. तीन महिन्यांनी परत तेच, फुफ्फुसाचा तोच उजवा, खालचा भाग. या खेपेचा डॉक्टर तरणा होता. कागदावर लिहिता लिहिता त्यानं विचारलं, "बाबा, पाणी पिताना ठसका लागतो का?"

"नाही," मी म्हटलं. आणि ते खरं होतं.

सून मागं उभी होती. "आधी लय लागायचा, सर. आता लागतच नाही. अन् पानी प्याल्यावर आवाज घरघर करते."

डॉक्टरची लेखणी थांबली. त्यानं मान वर करून माझ्याकडं नाही, सुनेकडं बघितलं. "कधीपासून लागत नाही?"

मला वाटलं आता हा शाबासकी देईल. त्यानं समजावून सांगितलं ते असं. गळ्यात दोन वाटा आहेत, एक पोटाची, एक श्वासाची. गिळताना श्वासाची वाट झाकली जाते. लकव्यानं ते झाकणं उशिरा होत असावं. पाणी पातळ, ते थांबत नाही, झाकण लागायच्या आत घुसतं. घुसलं की ठसका येतो आणि पाणी बाहेर फेकलं जातं. "ठसका त्रास देतो, पण तो राखण करतो," तो म्हणाला. "तुमच्या गळ्याला आता पाणी चुकीच्या वाटेनं गेलेलं कळतच नसेल, तर ठसका येणार नाही. पाणी मात्र जात राहील. फुफ्फुसात."

मला हे पटलं, कारण मी धानाचा माणूस आहे. बांधीचा धुरा फुटला तर आवाज येतो, माणूस फावडं घेऊन धावतो. पण धुऱ्यात खेकड्याचं बिळ असलं तर आवाज नाही, काही नाही. वरून धुरा शाबूत. सकाळी जाऊन बघावं तर बांधी कोरडी आणि खालच्याच्या बांधीत आपलं पाणी. मी जन्मभर ती बिळं पायाच्या अंगठ्यानं शोधली आहेत. माझ्याच गळ्यात बिळ होतं आणि मी छाती काढून फिरत होतो. राग आला तो आधी स्वतःचाच.

डॉक्टर म्हणाला, हा अंदाज आहे, तपासणी नागपूरला होईल. मुलगा सुटी काढून घेऊन गेला.

तिथं मोठ्या दवाखान्यात गिळणं तपासणारी एक पोरगी होती. माझ्या नातीच्या वयाची, केस बांधलेले, पायात बूट. मला खुर्चीवर बसवलं, बाजूला क्ष-किरणांचं यंत्र. पाण्यात पांढरं औषध कालवून दिलं. चित्र तिथल्या तिथं पडद्यावर हलत होतं, फोटोसारखं नाही, सिनेमासारखं.

"आजोबा, घरी पिता तसं प्या. पण थोडं."

मी मान मागे टाकली. घोट गेला. मला काहीही वाटलं नाही, ठसका नाही, खाजसुद्धा नाही. मी विजयी चेहऱ्यानं तिच्याकडं बघितलं. ती म्हणाली, "आता बघा," आणि तेच परत पडद्यावर लावून दाखवलं. माझी मान, मानेची हाडं, आणि एक पांढरी रेघ. रेघ खाली आली, दोन वाटांशी थांबली, आणि तिच्यातला एक धागा पुढच्या वाटेला, श्वासाच्या वाटेला लागला. सरळ खाली. आणि पडद्यावरचा मी स्वस्थ बसलेला. ज्या माणसाच्या घरात चोर शिरतो आणि तो सुपारी कातरत बसतो, तसा.

मग ती म्हणाली, "आता हनुवटी छातीकडे घ्या. मान खाली. तशीच ठेवून घोट घ्या आणि गिळून होईपर्यंत वर करू नका."

मी म्हटलं, "नाही."

"दुखते का मान?"

"दुखत नाही. मान खाली घालून मी पानी पीत नाही."

तिला काय समजणार? मुलगा कानाशी आला, "बा, तपासनी हाय फक्त." त्याच्यासाठी मी एकदा केलं. पांढरी रेघ आली, थांबली आणि सगळीच्या सगळी मागच्या वाटेनं, पोटाच्या वाटेनं गेली. तिनं दोनदा करून घेतलं. दोन्ही वेळा बरोबर गेली.

"बघा," ती खूश होऊन म्हणाली. "सगळ्यांना याचा फायदा होतो असं नाही, काहींचं उलट बिघडतं. पण तुम्हाला होतो, आपण डोळ्यांनी बघितलं. यापुढं असंच प्यायचं."

"दुसरं काही असंल त सांग."

ती थांबली. मग म्हणाली, दुसरं म्हणजे पाण्यात पूड कालवून ते घट्ट करायचं. घट्ट पाणी हळू उतरतं. पण लोकांना ते आवडत नाही आणि लोक पाणी कमी पितात, मग त्याचा वेगळा त्रास.

"तेच दे," मी म्हटलं.

तिचा चेहरा उतरला. मुलाचा त्याहून जास्त. पण पूड घेऊन आम्ही गावी आलो.

ते पाणी म्हणजे काय सांगू! पेज नाही, आंबील नाही, पाणी तर नाहीच. गिलास वाकडा केला की पाणी विचार करत करत यायचं. जिभेवर चिकटायचं आणि तहान जिथल्या तिथं. सून मोजून पूड टाकायची, ढवळायची, ठेवायची. मी दोन घोट घेऊन ठेवून द्यायचो. मे महिना, अंगण तव्यासारखं, आणि माझ्या पोटात दिवसाला दोन गिलास सुद्धा जात नव्हते. ओठ फुटले. लघवीला जळजळ. उभं राहिलं की डोळ्यांपुढं अंधारी. पण मान वर होती.

एका दुपारी बायकोनं तो घट्ट गिलास उचलला, वास घेतला आणि स्वतः एक घोट घेतला. तोंड वाकडं केलं.

"हे पिऊन राहिले तुमी? मान वाकवाची लाज वाटते म्हनून?"

मी म्हटलं, "तुले माईत हाय बाप काय सांगून गेला."

"माईत हाय. पन्नास वर्षं आयकून राहिली." ती माझ्यासमोर जमिनीवर बसली. "माही माय त्याच ओंजळीनं प्याली. पोटात मी होती तवाबी. तिच्या नवऱ्यानं तिले तांब्या नाही आनून देल्ला. तिनं काय केलं? प्याली अन् जगली. तुमचा बाप मान वर कर म्हने, जीव दे नाही म्हने. तो वाकला त धार दुसऱ्याच्या हातात होती. आता गिलास कोनाच्या हातात हाय?"

तिनं गिलास माझ्यापुढं ठेवला.

"तुमी तहानेनं मेले त मालगुजाराचं काय जाते? सांगा न. त्याच्या घरी सुतक लागते का?"

सून दारात उभी राहून ऐकत होती. तिला हसू आलं आणि तिनं पदर तोंडाला लावला. मला एवढा राग आला की मी ओरडलो, "आन मंग पानी! साधं पानी आन!"

सून धावली. मला वाटलं नेहमीचा गिलास आणेल, पण तिनं रुंद तोंडाचा, बुटका गिलास आणला, काठोकाठ भरलेला. नागपूरच्या पोरीनं तिला हे सगळं लिहून दिलं होतं आणि ही महिनाभर तो कागद डब्यात ठेवून वाट बघत होती. गिलास अरुंद असला आणि पाणी तळाशी गेलं की मान आपोआप मागं जाते, म्हणून रुंद घ्यायचा, आणि तळाचं पाणी प्यायचं नाही, परत भरून घ्यायचं. खाटेवर नाही, खुर्चीवर बसायचं, पाठ सरळ, पाय जमिनीला टेकलेले. एक लहान घोट. हनुवटी छातीकडं. गिळायचं, मग रिकामंच परत एकदा गिळायचं. मधे बोलायचं नाही. मग 'आ' म्हणायचं. आवाज कोरडा आला तर ठीक, घरघरला तर खाकरून परत गिळायचं. जेवल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही.

"अन् तो तंबाखूचा खर्रा बंद," सून म्हणाली.

"खर्र्याचा अन् पान्याचा काय संबंध?"

"तोंडातली घान पान्यासंग छातीत जाते, मामाजी. सकाळ-संध्याकाळ तोंड साफ करा लागते. तिनं खाली दोन रेघा मारल्या हायेत, पाहा."

मी मान खाली घातली. जमीन दिसली, माझेच पाय दिसले. घोट घेतला, गिळला. परत गिळला. साधं पाणी, आमच्या विहिरीचं. महिनाभरानं. मला वाटलं होतं बापाची आठवण येईल. आली नाही. फक्त तहान होती आणि ती जात होती.

"आ म्हना," सून म्हणाली.

"आ," मी म्हटलं, तिच्या अंगावर ओरडल्यासारखं.

"कोरडा हाय," ती म्हणाली, आणि हे सांगताना तिचाच आवाज ओला होता.

ताप थांबला. धोतर परत नीट बसायला लागलं. पण हे सगळं घरात. दारात बसलो असताना कोणी आलं तर मी पीत नव्हतो. माणूस जाईपर्यंत तहान दाबून ठेवायचो. बायकोला ते कळत होतं.

दिवाळीच्या आधी, धान कापणीला आलेलं होतं तेव्हा, मालगुजाराचा पोरगा आला. पोरगा म्हणजे माझ्याहून वर्षानं मोठा. मालगुजारी गेली, त्यांचंही आता पाच-सहा एकरच राहिलं आहे, पण गावात अजून त्याला लोक मालक म्हणतात. मी म्हणत नाही. आम्ही एका शाळेत होतो, तो आत बसायचा आणि मी दाराशी. माझ्या आजारपणाचं ऐकून आला होता. मी खुर्चीवर, तो समोर खाटेवर.

"कसा हायेस गा?"

"जिवंत हाय."

सुनेनं दोन गिलास आणले. एक त्याला, एक माझा बुटका. माझी पाण्याची वेळ होती.

त्यानं गिलास उचलला, मान मागे टाकली आणि वरून धार सोडली. तो आमच्या घरी असाच पितो. पूर्वी पीतच नव्हता, मग प्यायला लागला तर असा, ओठ न लावता. आम्ही दोघंही जन्मभर वरूनच प्यालो. मी बापाच्या शब्दाखातर, तो आमचं भांडं ओठाला लागू नये म्हणून.

धार अर्ध्यात आली आणि त्याला ठसका लागला. असा तसा नाही. तोंड लाल, शिरा ताठ, एक हात हवेत. सून धावली. मी म्हटलं, "थापट्या मारू नको, खोकलू दे त्याले. पुढं वाक गा, खोकल. खोकल जोरानं." बराच वेळ खोकलला तेव्हा कुठं श्वास परत आला. डोळे पुसत म्हणाला, "लागते असा. दोन-तीन महिने झाले. पान्यानंच लागते."

मला दया यायला पाहिजे होती. राग आला. सत्तर वर्षं झाली, आणि हा माणूस आमच्या घरी येऊन फुफ्फुसात पाणी भरून घेईल, पण गिलासाला ओठ लावणार नाही.

"ओठ लाव," मी म्हटलं.

"काय?"

"गिलासाले ओठ लाव. मान मागं टाकून वरून पिशील त मरशील. म्या पाहिलं हाय सिनेमात, पानी कुठं जाते ते. सरळ बस, ओठ लावून लहान घोट घे. नाही लावाचा असंल त ठेव गिलास खाली अन् घरी जाऊन पी."

सून दारातच थिजली. बायको चुलीपासून उठून आली. तो माझ्याकडं बघत राहिला. मग गिलासाकडं. त्याच्या बापाची विहीर, त्याच्या बापाचा गडी, हे त्याला आठवलं की नाही मला माहीत नाही. मी विचारलं नाही, विचारणारही नाही.

त्यानं गिलास ओठाला लावला. एक घोट घेतला.

"तू कसा पितेस?" त्यानं विचारलं. "मले दाखव."

माझा गिलास हातात होता. बापानं सांगितलं होतं, कोणासमोर नाही. आणि सगळ्या गावातला नेमका हाच समोर बसला होता. बायको बघत होती. मी पाय जमिनीला टेकवले, पाठ सरळ केली, घोट घेतला, हनुवटी छातीला लावली. त्याच्यासमोर. गिळलं. परत गिळलं. मग डोकं वर केलं आणि त्याच्या डोळ्यात बघून म्हटलं, "आ."

कोरडा होता.

"म्याबी मान अशीच खाली घालू का?" तो म्हणाला.

"ते मी नाही सांगनार. कोनाले चालते, कोनाचं बिघडते. माही तपासली तवा कळलं. तू नागपूरले जा. अन् ठसका बंद झाला त खूश नको होऊ, तवा लवकर जाजो."

मी सुनेला डब्यातला कागद आणायला सांगितला. तिनं पत्ता उतरवून दिला. तो कागदाची घडी घालून खिशात ठेवून निघाला.

बायकोनं दोन्ही गिलास उचलले. मी म्हटलं, "माहा राहू दे. अजून तहान हाय."